फेटा आणि ठोके

दाढ दुखणारा माणूस तोंडात बोट घालून नेमकी दाढ दाखवतो. पोट दुखणारा निदान वर की खाली एवढं तरी सांगतो. डोकं दुखणाऱ्याला मात्र कुणी काही विचारतच नाही. ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की समोरचा ‘चहा टाकू?’ म्हणतो आणि विषय संपतो. फार झालं तर एक बाम पुढे सरकवला जातो. डोकेदुखी म्हणजे आपल्याकडे एकच वस्तू. ती कमी असते किंवा जास्त असते, निराळी कधीच नसते. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल सुद्धा आपण याहून बारकाईनं बोलतो.

आमच्या घरात मात्र दोन डोकेदुख्या एका छपराखाली नांदतात. एक माझी आणि दुसरी वहिनींची. माझीबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो. मार्च महिन्यात, हिशेब बंद करायच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास मानेच्या मागच्या बाजूला काहीतरी आवळायला लागतं. तिथून ते दोन्ही कानांवरून पुढे येतं आणि कपाळावर त्याची गाठ बसते. लग्नात कुणीतरी करकचून फेटा बांधावा आणि बांधणारा जेवायला निघून जावा, तसं वाटतं. ठसठस नाही, ठणका नाही, नुसतं आवळलेलं. दोन्ही बाजूंनी सारखं. या डोक्यानिशी मी कामं करतो, लोकल पकडतो, जिने चढतो, घरी येऊन पिठलं-भात व्यवस्थित जेवतो आणि भांडायची वेळ आली तर भांडतोही. आमच्या हिचं म्हणणं, ‘अहो, ज्याला तिसऱ्यांदा ताक लागतं त्याचं डोकं दुखत नसतं.’ या डोकेदुखीला घरात प्रतिष्ठा नाही, आणि खरं सांगायचं तर तिची तेवढी लायकीही नाही. ती अर्ध्या तासात जाते, कधी रेंगाळली तर आठवडाभरही मुक्काम ठोकते. पण पाहुणी म्हणून फारसा त्रास देत नाही. डॉक्टर हिला ताणाची डोकेदुखी म्हणतात. मी फेटा म्हणतो.

वहिनींची गोष्ट वेगळी. त्यांचं डोकं दुखायला लागलं की घरातल्या फोडणीचा वास त्यांना सोसत नाही. ट्यूबलाइट सोसत नाही. पलीकडच्या इमारतीत कुणी भांडं पाडलं तरी त्या डोळे मिटून घेतात. आतल्या खोलीत, खिडकीवर चादर लावून, ओला पंचा कपाळावर घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडतात आणि हलत नाहीत. मग उलटी होते, मग झोप लागते, आणि उठतात तेव्हा दिवसभर दळण दळल्यासारख्या गळून गेलेल्या असतात.

या प्रकाराला आमच्या घरात वीस वर्षं एकच नाव होतं: पित्त.

हे निदान आमच्या आईचं. आणि त्यामागची तिची तर्कसंगती अशी भक्कम, की भल्याभल्यांनी मान डोलवावी. उपास घडला की होतं. उन्हातून आलं की होतं. जागरण झालं की होतं. उलटी होऊन कडू पाणी पडलं की बरं वाटतं. ‘मग हे पित्त नाही तर काय आहे?’ मराठी घरात या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. त्यामुळे वहिनींवर उपाय झाले ते सगळे पोटावर. आलं-लिंबाचं पाचक झालं, कोकमाचं सरबत झालं, सूतशेखर झालं. मामींच्या सांगण्यावरून सूर्योदयापूर्वी दुधातून जिलेबी झाली. जिलेबीचा उपाय माझ्या पुतण्याला फार पटला होता. त्यालाही काही दिवस पहाटे डोकेदुखी होऊ लागली.

पण नावापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती. हे पित्त नेमकं गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी उठायचं. नेमकं पाहुणे यायच्या दिवशी उठायचं. तेव्हा घरात कुणी काही बोलायचं नाही, पण स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजायची. आत्या एकदा म्हणाल्याच, ‘हिचं पित्त पंचांग बघून येतं हो.’ वहिनींनी ते ऐकलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र ठणकत्या डोक्यानं त्यांनी एकवीस मोदक वळले आणि बाविसावा वळताना मोरीकडे धावल्या. तो प्रसंग मला अजून बरा वाटत नाही.

त्यानंतर दादानं त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी सोबत होतो, कारण दादाला डॉक्टरांसमोर बोलता येत नाही. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली, मान पुढे-मागे करून पाहिली, चालून दाखवायला सांगितलं आणि मग खुर्चीला पाठ टेकवून नुसते प्रश्न विचारत बसले. दादाची अपेक्षा एखाद्या मोठ्या यंत्राची होती. डॉक्टर म्हणाले, ‘या दोन डोकेदुख्यांतला फरक सांगणारं यंत्र नाही. तपासण्या असतात त्या दुसरं काही नाही ना, हे बघायला. हे निदान विचारूनच होतं.’

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो जिन्याचा. ‘डोकं दुखत असताना दोन जिने चढलात तर काय होतं?’ वहिनी म्हणाल्या, ‘पायरीगणिक डोक्यात घण पडतो. म्हणून तर पडून राहते.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा फेटा घालून जिने चढतो, हे मी सांगितलं. मला तर चालून आल्यावर बरंसुद्धा वाटतं. ‘झालं,’ डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही दोघं दोन वेगळ्या आजारांचे आहात.’ एकाच घरातून दोन आजार मिळाल्याचा त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला.

मग त्यांनी आम्हाला नियम सांगितला. तो त्यांचा स्वतःचा नव्हे. डोकेदुखीचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनं १९८८ साली जगातल्या सगळ्या डोकेदुख्यांची वर्गवारी पहिल्यांदा छापली आणि २०१८ साली तिची तिसरी आवृत्ती काढली. म्हणजे आपण ‘डोकं दुखतंय’ एवढ्यावर भागवत होतो तेव्हा हे लोक आवृत्त्या काढत होते. त्यात मायग्रेनची, म्हणजे आपल्या अर्धशिशीची, खूण अशी दिलेली आहे: औषध न घेतल्यास किंवा औषध लागू न पडल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. ते एका बाजूला असतं, ठोके पडल्यासारखं असतं, मध्यम किंवा तीव्र असतं, आणि चालण्याचढण्यानं वाढतं. या चारांपैकी कुठल्याही दोन गोष्टी हव्यात. शिवाय मळमळ किंवा उलटी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे व्हायला हवेत. आणि असं निदान पाच वेळा झालेलं हवं. एका दिवसाच्या डोक्यावरून नाव ठेवायचं नाही.

फेट्याचं सगळं उलट. दोन्ही बाजूंनी, आवळल्यासारखं किंवा दाबल्यासारखं, सौम्य किंवा मध्यम, आणि जिन्यानं न वाढणारं. उलटी नाही, मळमळ नाही. उजेड किंवा आवाज यांपैकी एखादी गोष्ट खुपली तर चालते. दोन्ही खुपायला लागल्या की संशय घ्यावा.

हे ऐकून दादा म्हणाला, ‘पण डॉक्टर, हिचं कधी कधी दोन्ही बाजूंना दुखतं. मग ती अर्धशिशी कशी?’

दादा सहसा बोलत नाही, पण बोलला तर बरोबर बोलतो. डॉक्टर हसले. म्हणाले, या शब्दानंच घोळ केला आहे. अर्धशिशी म्हणजे अर्धं शिर. आयुर्वेदात अर्धावभेदक, तेही अर्धंच. मायग्रेन हा शब्दसुद्धा अर्धी कवटी या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरूनच आला. जगभरच्या लोकांनी एकमतानं अर्धं डोकं धरलं, आणि दुखणारं डोकं मात्र ते मानायला बांधलेलं नाही. खरी अर्धशिशी बऱ्याच जणांना दोन्ही बाजूंना येते, लहान मुलांना तर बहुधा सगळ्या कपाळभर. ‘म्हणून कुठं दुखतं ही सगळ्यात कच्ची खूण. कसं दुखतं ही तिच्यापेक्षा पक्की. आणि दुखत असताना तुम्ही काय करता, ही सगळ्यात पक्की. निजून राहता की फेऱ्या घालता, यावर माझं निम्मं निदान होतं.’

मी पित्ताचं विचारलं. आईच्या वतीनं विचारणं भागच होतं. घरी गेल्यावर उलटतपासणी होणार होती. डॉक्टर म्हणाले, आईंनी पाहिलं ते सगळं खरं आहे, फक्त गाडी उलटी जोडली आहे. दुखणं मेंदूतून सुरू होतं, आणि त्या वेळी पोटाचं काम मंदावतं. खाल्लेलं पुढे सरकत नाही म्हणून मळमळतं, आणि उलटी होते. उलटीतलं पित्त हा शेवट, सुरुवात नव्हे. उलटीनंतर बरं वाटतं हेही बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं, पण त्यानं पित्तावरचा आरोप सिद्ध होत नाही. याच मंद पोटामुळे उशिरा घेतलेली गोळी नुसती पोटात पडून राहते आणि लोक म्हणतात गोळी लागू पडत नाही. उपास, ऊन, जागरण, पाळीचे दिवस या गोष्टी डोकं भडकवतात, थेट. मधे पित्ताची चिठ्ठी लागत नाही.

सायनसचंही तसंच, असं ते म्हणाले. अर्धशिशीत डोळ्यांतून पाणी येतं, नाक चोंदतं, कपाळ जड होतं, आणि मग वर्षानुवर्षं सायनसची वाफ घेतली जाते. खऱ्या सायनसमध्ये नाकातून घट्ट पिवळंहिरवं येतं, बऱ्याचदा ताप असतो. मानेचं म्हणाल तर मान दोन्हींत धरते. मान धरली म्हणून ती ताणाचीच, किंवा मणक्याचीच, असं नाही. वहिनींच्या कपाटात मानेचा एक पट्टा तीन वर्षं पडून होता. त्याचा जन्म या गैरसमजातला.

शेवटी डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी काम दिलं. तीन महिने प्रत्येक डोकेदुखीची नोंद करायची: कधी सुरू झाली, कुठं, कशी, सोबत काय, जिन्यावर काय, काय गिळलं, कधी थांबली. वही हरवेल म्हणून वहिनींनी भिंतीवरचं कॅलेंडर पसंत केलं. तिथं दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीख आधीच होती. आवळलेल्या डोक्याला ‘फे’ आणि ठोक्याच्या डोक्याला ‘ठो’, अशी अक्षरं मी सुचवली, आणि तपशील मागच्या कोऱ्या बाजूला. पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं हिशेब करताना ‘फे’ म्हणजे काय विचारलं. वहिनींनी ‘फेडलेले’ असं सांगितलं. तो दोन दिवसांचे पैसे कमी घ्यायला तयार झाला होता.

संकष्टीची नोंद अशी होती. दुपारी चारपासून जांभया आणि उगाचच चिडचिड. पुतण्याला विनाकारण धपाटा. साडेपाचला उजव्या कानशिलात आणि डोळ्यामागे दुखायला सुरुवात. सातला ठोके. गच्चीवर चंद्र बघायला जाताना जिन्यात बसावं लागलं. आरतीची झांज सोसेना, दिवा सोसेना. दहाला उलटी. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला डोकं मोकळं. साडेबावीस तास. हिला ‘ठो’ द्यायला डॉक्टर लागत नाहीत. बाजू, ठोके, तीव्रता, जिना, उलटी, उजेड-आवाज, सगळी मंडळी हजर. जांभया आणि चिडचिड हीसुद्धा त्याच खेळातली पात्रं आहेत, फक्त पडद्याआड उभी राहून पहिली घंटा देतात, असं पुढे कळलं. काहींना त्याऐवजी डोळ्यांपुढे नागमोडी चमचमणाऱ्या रेघा दिसतात, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत, आणि मग डोकं धरतं. वहिनींना त्या कधी दिसल्या नाहीत. बहुतेकांना दिसत नाहीतच.

एका मंगळवारची नोंद वेगळी. वहिनी शाळेत शिकवतात. सहामाहीचे साठ पेपर एका बैठकीत तपासले. संध्याकाळी मानेपासून कपाळापर्यंत दोन्हीकडे आवळलेलं. टीव्हीचा आवाज नकोसा, पण दिव्याचं काही नाही. मळमळ नाही. पोळ्या केल्या, जेवल्या, जेवून शतपावली घातली. तीन तासांत गेलं. म्हणजे फे. वहिनींना स्वतःलाच याचं आश्चर्य वाटलं. आपलं प्रत्येक दुखणं एकच असं त्याही धरून चालल्या होत्या. एकाच डोक्यात दोन्ही बिऱ्हाडं असू शकतात, आणि बऱ्याच जणांच्या असतात.

नारळी पौर्णिमेची नोंद वादाची ठरली. दुखणं दोन्ही कानशिलांत, सारखं. दादानं बाजू बघून ‘फे’ लिहून टाकलं होतं. मी मागची बाजू वाचली: ठोके होते, नारळ खवायला वाकलं की वाढत होतं, नारळीभाताचा वास नकोसा झाला होता, आणि पडदे ओढले होते. बाजू गेली तरी बाकीची सगळी साक्ष एका बाजूची होती. आम्ही ते खोडून ‘ठो’ केलं, आणि डॉक्टरांनी नंतर ते मान्य केलं. एका नोंदीला मात्र काहीच नाव देता आलं नाही. दुखायला लागल्यावर पंधरा मिनिटांत गोळी घेतली आणि ते पुढे वाढलंच नाही. अर्धशिशीची सुरुवात पुष्कळदा अगदी फेट्यासारखी असते. बाळ कुणावर गेलंय ते पुढे कळतं. तिथं आम्ही प्रश्नचिन्ह ठेवलं, आणि डॉक्टर म्हणाले, तेच बरोबर.

तीन महिन्यांत अठरा नोंदी झाल्या: सात ठो, दहा फे, एक प्रश्नचिन्ह. पण कॅलेंडर भिंतीवरून काढून जेवायच्या टेबलावर पसरलं, तेव्हा दुसरंच दिसलं. सात ठोंपैकी तीन उपासाच्या दिवसांवर, दोन पाळीच्या आदल्या दिवशी, एक पहाटे चारला उठून गौरी आणायच्या दिवशी, आणि उरलेली नारळी पौर्णिमा, आदल्या रात्री जागून करंज्या तळल्यानंतरची. आत्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते दुखणं पंचांग बघूनच येत होतं. सणाच्या दिवशी या घरात कोण उपाशी राहतं, कोण कमी झोपतं आणि कोण धुरात उभं राहतं, ते पंचांगाला ठाऊक होतं.

आई चष्मा लावून कॅलेंडर बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘मोठे, संकष्टीला साबुदाणा दुपारी खात जा. चंद्र काही उपाशी माणसालाच दिसतो असं नाही.’ पित्ताबद्दल तिनं काही मागे घेतलं नाही, आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

डॉक्टरांनी ठोक्यांसाठी वेगळी गोळी दिली, आणि ती दुखणं चढायच्या आत घ्यायची, मळमळीवरचं औषध सोबत, असं बजावलं. फेट्यासाठी साधी गोळी, तीही लागलीच तर; नाहीतर मान मोकळी करणं, चालणं आणि पेपर तीन दिवसांत विभागून तपासणं. गोळ्या मोजायला मात्र सांगितल्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, आणि अर्धशिशीची खास किंवा मिश्र गोळी दहा दिवस किंवा जास्त, असं काही महिने चाललं की गोळीच रोजची डोकेदुखी होऊन बसते. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, ते सकाळी पान खाल्ल्यासारखी एक गोळी खातात आणि दुपारी दुसरी. त्यांचं डोकं कुठल्या प्रकारचं, हे आता त्यांच्या डोक्यालाही सांगता येणार नाही.

निघताना डॉक्टरांनी आवाज बदलून एक गोष्ट सांगितली, ती तशीच लिहितो. क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि ताठ मान. बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं. डोक्याला मार लागल्यानंतरची. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली. किंवा आठवड्यागणिक वाढतच जाणारी. यांत फे की ठो करत बसायचं नाही. पहिल्या चारांत थेट इस्पितळ गाठायचं, आणि उरलेल्यांत लवकरात लवकर डॉक्टर.

कॅलेंडर अजून चालू आहे. यंदाच्या गौरीला नैवेद्याच्या वेळी आई स्वयंपाकघरातून डोकं धरून बाहेर आली आणि खुर्चीत बसली. वहिनींनी ट्यूबलाइट बंद करत विचारलं, ‘आई, मळमळतंय का?’

‘नाही गं. दिवा लाव. नुसतं आवळलंय. एक आलं घालून चहा टाक, आणि त्या आत्यांना म्हणावं, पुरणपोळ्या आता तुम्ही लाटा.’

वहिनींनी दिवा लावला, पेन्सिल शोधली आणि कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी, ‘फे’ लिहून त्यापुढे कंसात ‘आई’ असं लिहिलं.